सप्लायरच्या रोज नव्या तारखा: उत्तर काय लिहावं?

सप्लायर दर वेळी नवी डिलिव्हरीची तारीख देतो आणि एकही पाळत नाही. आता त्याला काय लिहू?

पुढची तारीख विचारूच नका. माल आत्ता नेमका कुठे अडलाय ते विचारा: कच्चा माल आलाय का, किती नग तयार आहेत, आज किती पाठवता येतील? मी एकदा ४०० खोक्यांसाठी तीन तारखा ऐकून घेतल्या. चौथ्यांदा तयार मालाचा फोटो मागितला, तेव्हा कळलं की पुठ्ठाच आलेला नव्हता. त्याच्याकडे पुठ्ठ्याचे पैसे थकले होते, म्हणून तो बिचारा सप्लायर तारखा देत होता. हे पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर निम्मी खोकी दुसरीकडून घेतली असती.

फोनवर बोललात तरी नंतर लेखी पाठवा. साधारण असं:

“ऑर्डर ४०० नग. ठरलेली तारीख ५, नंतर तुम्ही १२ आणि १९ दिलीत. या मुदतवाढी आम्ही मान्य केलेल्या नाहीत. तयार नग उद्या पाठवा. उरलेले २६ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत, तर तेवढी ऑर्डर रद्द समजावी आणि त्या भागाचा आगाऊ दिलेला पैसा परत करावा.”

“मान्य केलेल्या नाहीत” हे वाक्य गाळू नका. नव्या तारखेला नुसतं “ठीक आहे” लिहिलंत, तर मुदत तुम्हीच वाढवलीत असं तो उद्या म्हणेल. आणि २६ लिहिण्याआधी दुसऱ्या सप्लायरकडून भाव घेऊन ठेवा. रद्द करायची खरी तयारी नसेल, तर रद्दचं वाक्य लिहू नका.