टायरवरच्या DOT कोडवरून तो कोणत्या देशात बनला ते कसं ओळखायचं?

DOT नंतरची पहिली दोन किंवा तीन अक्षरं कारखान्याची असतात, देश त्यांवरून कळतो. समजा, मिशलिनच्या टायरवर DOT B3 ने सुरू होऊन 2319 ने संपणारा कोड आहे. कंपनी फ्रेंच, पण B3 म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधला ब्रिजवॉटरचा कारखाना. शेवटचे चार अंक म्हणजे 2019 चा 23वा आठवडा.

अक्षरांवरून अंदाज बांधू नका, त्यांत देशाचं नाव दडलेलं नसतं. अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था प्रत्येक कारखान्याला कोड देते, तिच्या vpic.nhtsa.dot.gov या साइटवर तो शोधा. कोड तीन अक्षरी असेल तर तिन्ही टाका. जुन्या दोन अक्षरी कोडांपुढे आता 1 लावतात, म्हणजे B3 चा 1B3 होतो.

पूर्ण कोड बहुधा एकाच बाजूला असतो. तारखेचे चार अंक दिसत नसतील तर आतली बाजू बघा.

सगळ्यात जास्त फसगत गोलातल्या E4 मुळे होते. E4 म्हणजे नेदरलँड्सने दिलेली मंजुरी; टायर भलत्याच देशात बनलेला असू शकतो. DOT मुळात अमेरिकी नियमांसाठी आहे, म्हणून काही टायरांवर तो नसतोच. तिथे ‘मेड इन’ची ओळ शोधा.