रेझ्युमे पाठवल्यानंतरही पोर्टलवरचा फॉर्म

रिक्रूटरला रेझ्युमे ईमेल केला आहे, तरी पोर्टलवर सगळं पुन्हा भरायला सांगतात. भरू का?

भरा, पण आधी त्या पदाचा जॉब आयडी आणि थेट लिंक मागून घ्या. ईमेलमधला रेझ्युमे रिक्रूटरपाशीच राहतो. मुलाखतीचे अभिप्राय, मंजुरी आणि ऑफर लेटर मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांत पोर्टलवरील नोंदीलाच जोडलेले असतात. समजा, हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत ओळखीच्या कर्मचाऱ्याने तुमची शिफारस केली आहे. अशा वेळी करिअर पेजवरून वेगळा अर्ज केल्यास त्याची नोंद थेट अर्ज म्हणून होऊन शिफारस बाजूला पडू शकते. रेझ्युमेवरून आपोआप भरल्या गेलेल्या नोकरीच्या तारखा तेवढ्या नीट तपासा, कारण त्या बऱ्याचदा चुकतात आणि पुढे पडताळणीत तफावत दिसते. मात्र ऑफर मिळण्यापूर्वीच बँक खात्याचा तपशील किंवा शुल्क मागितले जात असेल, तर फॉर्म अर्धवटच सोडावा.