मोठ्या अपूर्णांकांची तुलना: आधी आधार, मग तिरकस गुणाकार

प्रश्न: डेटा कंपॅरिझनच्या प्रश्नांत २८४७/६१४३ सारखे चार-पाच मोठे अपूर्णांक येतात आणि त्यांचा क्रम लावायचा असतो. क्रॉस मल्टिप्लिकेशन करावे की आकडे राउंड ऑफ करून अंदाज घ्यावा? माझा सगळा वेळ भागाकारातच जातो.

उत्तर: पुण्यात बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग शिकवतो, आणि त्यांना मी या दोन्हींच्या मधली एक पायरी आधी करायला सांगतो: सगळ्या अपूर्णांकांजवळची एखादी सोपी किंमत आधार म्हणून घ्यावी, प्रत्येक अपूर्णांक त्या आधारापासून किती दूर आहे ते अचूक काढावे, आणि मग फक्त त्या अंतरांची तुलना करावी. गुणाकार लागलाच तर तो या छोट्या अंतरांचा करावा, मूळ आकड्यांचा नव्हे.

एक कल्पित तक्ता घेऊ. पुण्यातल्या पाच बस आगारांतून दिलेले एकूण पास आणि त्यांतले विद्यार्थ्यांचे पास दिले आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या पासांचे प्रमाण उतरत्या क्रमाने लावायचे आहे.

स्वारगेट २८४७/६१४३
कोथरूड ३४१२/७०८५
कात्रज १९४६/३९८७
हडपसर ४१७८/८४६९
निगडी २५६३/५३९१

प्रत्येक अंश मनात दुप्पट केला की लगेच दिसते की पाचही अपूर्णांक १/२ पेक्षा थोडे कमी आहेत. म्हणून आधार १/२. आता छेदातून दुप्पट अंश वजा करावा. येईल तिला मी तूट म्हणतो. स्वारगेटची तूट ६१४३ − ५६९४ = ४४९, आणि त्याच रीतीने कोथरूडची २६१, कात्रजची ९५, हडपसरची ११३ आणि निगडीची २६५. प्रत्येक अपूर्णांक १/२ पेक्षा नेमका तूट भागिले दुप्पट छेद इतका कमी असतो. दुप्पट सगळीकडे सारखीच असल्याने ती सोडून द्यावी आणि तूट/छेद एवढेच पाहावे. ज्याचे तूट/छेद सर्वांत लहान, तो अपूर्णांक सर्वांत मोठा.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथे. नुसती तूट पाहिली तर कात्रजची ९५ सर्वांत कमी आहे, आणि घाईत कात्रज पहिले लिहिले जाते. पण हडपसरचा छेद कात्रजच्या दुपटीहून मोठा आहे, तर त्याची तूट कात्रजच्या सव्वापटही नाही. म्हणजे छेदाच्या मानाने हडपसरची तूट लहान, आणि पहिला क्रमांक हडपसरचा. तूट नेहमी छेदाशी ताडून पाहावी, ती एकटी काहीच सांगत नाही. पुढे कात्रजकडून कोथरूडकडे जाताना तूट अडीचपटीहून जास्त वाढते आणि छेद दुप्पटही होत नाही, म्हणून कात्रज वर. कोथरूड आणि निगडी यांच्यात तर काहीच करावे लागत नाही, कारण कोथरूडची तूट कमी आहे आणि छेदही मोठा आहे. निगडीकडून स्वारगेटकडे जाताना तूट दीडपटीहून जास्त वाढते, छेद सव्वापटही वाढत नाही. क्रम झाला: हडपसर, कात्रज, कोथरूड, निगडी, स्वारगेट. चार आकडी संख्यांचा एकही गुणाकार करावा लागला नाही. थेट तिरकस गुणाकाराने हेच करायचे तर दर जोडीला चार आकडी संख्यांचे दोन गुणाकार करावे लागतात, आणि पाच अपूर्णांकांच्या जोड्या दहा होतात. त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत हे खरे, पण निम्म्या तपासायच्या म्हटल्या तरी वेळ पुरत नाही.

राउंड ऑफबद्दल तुम्ही विचारले आहे, म्हणून एक अवघड जोडी पाहू: ३४७/५१२ आणि २६३/३८८. आकडे दहाच्या पटीत आणले तर ३५/५१ आणि २६/३९ मिळतात. पहिला सुमारे ०.६८६, दुसरा ०.६६७, म्हणून पहिला मोठा वाटतो. प्रत्यक्षात दुसरा मोठा आहे. असे होते, कारण पहिल्यात अंश वर गेला आणि छेद खाली आला, तर दुसऱ्यात अगदी उलटे झाले. दोन्ही मिळून जवळजवळ ३ टक्क्यांचा फरक आपणच निर्माण केला. मूळ अपूर्णांकांतला फरक याहून कमी असेल तर उत्तर राउंड ऑफ ठरवते, तक्ता नाही. अंश आणि छेद दोन्ही एकाच दिशेने आणि साधारण सारख्याच प्रमाणात सरकवले तर चूक बरीचशी कटते, पण मुळातले अपूर्णांक अगदी जवळ असतील तर तेवढ्यावरही विसंबू नये.

हीच जोडी आधाराने पाहा. दोन्ही २/३ च्या जवळ आहेत. तिप्पट अंशातून दुप्पट छेद वजा केला की पहिल्यात १०४१ − १०२४ = १७ आणि दुसऱ्यात ७८९ − ७७६ = १३ उरतात. दोन्ही अपूर्णांक २/३ पेक्षा मोठे आहेत, आणि आता प्रश्न एवढाच उरतो की १७/५१२ मोठा की १३/३८८. आता तिरकस गुणाकार करावा: १७ × ३८८ = ६५९६ आणि १३ × ५१२ = ६६५६. दुसरा मोठा. मूळ आकड्यांचे तिरकस गुणाकार १३४६३६ आणि १३४६५६ येतात. तिथेही निकाल तोच, पण सहा आकडी संख्यांत फरक फक्त २० चा, आणि शेवटचा अंक दोन्हीकडे ६, त्यामुळे शेवटच्या अंकावरून काही कळत नाही. आधार वजा केल्यावर हाच फरक जवळजवळ एक टक्का झाला. सामाईक भाग काढून टाकला की उरलेल्यात फरक ठळक दिसतो, आणि यात कुठेही अंदाज नाही, सगळी वजाबाकी अचूक आहे.

तिरकस गुणाकारात कोणता गुणाकार कोणाचा याचा गोंधळ होतो. ज्याचा अंश गुणला, गुणाकार त्याच्याच नावावर आणि त्याच्याच बाजूला लिहावा: १७ गुणला म्हणून ६५९६ पहिल्याचा. मध्ये सवय मोडली तर बरोबर आकडेमोड करूनही उत्तर उलटे येते.

दिशेचेही भान ठेवावे. अपूर्णांक आधाराखाली असतील तर मोठी तूट म्हणजे लहान अपूर्णांक, आणि आधारावर असतील तर मोठी वाढ म्हणजे मोठा अपूर्णांक. काही वर आणि काही खाली असतील तर आधी तिथेच दोन गट करावेत. वरच्या गटातला प्रत्येक अपूर्णांक खालच्या गटातल्या प्रत्येकापेक्षा मोठा असतो, त्यामुळे जोड्या एकदम कमी होतात. वाढीच्या टक्केवारीचे प्रश्नही असेच सोडवावेत: नवी संख्या भागिले जुनी संख्या असा अपूर्णांक घेऊन आधार १ धरला की वजाबाकीत थेट वाढ मिळते.

ही रीत कुठे उपयोगी नाही तेही सांगतो. अपूर्णांक ०.२ पासून ०.९ पर्यंत पसरलेले असतील तर आधाराची गरजच नाही, डोळ्यांनी अंदाज घेतला तरी क्रम लागतो. अपूर्णांक दोनच असतील आणि आकडे दोन आकडी असतील तर थेट तिरकस गुणाकार करावा, कारण आधार शोधण्यातच जास्त वेळ जाईल. आणि आधार १/२, १/३, २/३, १/४, ३/४ किंवा १ यांपैकीच असावा. ५/११ सारखा आधार अधिक जवळचा असला तरी त्यासाठी ११ आणि ५ ने गुणावे लागते, आणि वाचवलेला वेळ तिथेच परत जातो.