लायसन्स हरवलं आणि मुदतही संपलेली, आता डुप्लिकेट की रिन्यू?

प्रश्न: पाकीट हरवलं त्यात लायसन्स गेलं. झेरॉक्स बघितली तर मुदत दहा महिन्यांपूर्वीच संपलेली. नुसतं डुप्लिकेट काढून चालेल का? परत टेस्ट द्यावी लागेल का?

उत्तर:

नुसत्या डुप्लिकेटने काही होणार नाही, कारण त्या नव्या कार्डावर जुनीच तारीख छापून येते. तुम्हाला रिन्यूअलच करायचंय, आणि दहाच महिने झालेत म्हणजे टेस्टशिवाय होईल, पण आता दोनच महिने हातात आहेत.

आमच्या काकांचं नेमकं इथेच फसलं. त्यांची मुदत संपली 12 मार्च 2023 ला. मित्र म्हणाला मुदत संपल्यावर पाच वर्षं टेस्टशिवाय रिन्यू होतं रे, घाई कशाला. तो खोटं बोलत नव्हता, आधी तसंच होतं, पण 1 सप्टेंबर 2019 पासून कायदा बदलला आणि पाचाचं एक वर्ष झालं. आधी मुदतीनंतर 30 दिवस लायसन्स चालायचं तेही गेलं, म्हणजे तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बिनलायसन्सचे, पकडलं तर 5000 दंड. तर काकांनी फेब्रुवारी 2024 मधे मनावर घेतलं तेव्हा कार्डच सापडेना, महिना दीड महिना कपाटं उपसण्यात गेला, आणि एप्रिलमधे अर्ज केला तर टेस्ट द्या म्हणाले. 12 मार्चच्या आत अर्ज केला असता तर वाचले असते!

म्हणून कार्ड शोधत बसू नका. parivahan.gov.in वर सारथीमधे लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती उघडते, नंबर झेरॉक्सवर आहेच. कार्ड हरवल्याची पोलिसात तक्रार करून तिची प्रत ठेवा. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरकडून फॉर्म 1A भरून घ्यावा लागतो, बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं, तेव्हा ते आधी उरका.

टेस्टची वेळ आलीच तर लायसन्सवर बाईक आणि कार दोन्ही असतील तर दोन्ही चालवून दाखवावी लागतात. गाडी आपली न्यायची आणि तिचे कागद चालू हवेत. काका तीस वर्षं गाडी चालवतायत, पण पहिल्या दिवशी परत आले, का तर पीयूसी संपलेली 😄 दुसऱ्या खेपेला पास झाले. पन्नाशी ओलांडलेली पण पंचावन्नच्या आत असल्यामुळे त्यांना साठ वर्षं पूर्ण होईपर्यंतचं मिळालं. पंचावन्ननंतर मात्र दर वेळी पाचच वर्षांचं मिळतं.

आणि हो, मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासूनही रिन्यूअलचा अर्ज करता येतो, घरात अजून कोणाचं असेल तर आजच तारीख बघून घ्या. तुमचं होईपर्यंत मात्र गाडी दुसऱ्याला चालवू द्या, मधे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले भरपाईचे पैसे तुमच्याकडून वसूल करू शकतात.