उत्तर नेमकं निम्मं का येतं?

"सर, मी बारावी सायन्सला आहे, बी.एस्सी. फिजिक्स करायचं ठरवलं होतं. पण विद्युतभारित साबणाच्या बुडबुड्याच्या गणितात (त्रिज्या 2 सेंमी, पृष्ठताण 0.025 N/m) तो फुगू लागण्याचा भार 47 नॅनोकुलोम दिलाय आणि मी सोडवते तेव्हा 24 येतो. सूत्रं पाठ आहेत, तरी असं. फिजिक्सचा नाद सोडू का?"

आकडा कळवलास हे फार बरं केलंस, त्यावरूनच चूक सापडली. उत्तर निम्मं येतं ते दोन चुका एकत्र झाल्या की. प्रत्येक चूक उत्तराला √2 ने भागते: 47 चे 33, 33 चे 24.

पहिली चूक साधी आहे. बुडबुड्याच्या पडद्याला आतून आणि बाहेरून असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून आत ओढणारा दाब 4T/R, म्हणजे 5 पास्कल. तू थेंबाचा 2T/R घेतलास.

दुसरी चूक जास्त खोल आहे. पृष्ठभागालगत बाहेर क्षेत्र σ/ε₀ असतं, म्हणून तू दाब σ²/ε₀ धरलास. पण कुठलाही तुकडा स्वतःला ढकलत नाही. त्याचं स्वतःचं क्षेत्र दोन्ही बाजूंना σ/2ε₀ असतं, बाहेर बाहेरच्या दिशेने, आत आतल्या दिशेने. आतलं एकूण क्षेत्र शून्य, तेव्हा उरलेल्या भाराचं क्षेत्र तिथे σ/2ε₀ बाहेरच्या दिशेने असलंच पाहिजे. तुकड्याला तेवढंच ढकलतं, म्हणून दाब σ²/2ε₀.

दोन्ही दाब समान ठेव:

Q = 8π√(2ε₀TR³)

आता 47 येईल. मग पडताळून पाहा. विभव सुमारे 21 हजार व्होल्ट, पृष्ठभागावरचं क्षेत्र मीटरला साधारण 10 लाख व्होल्ट. कोरडी हवा 30 लाखांच्या आसपास ठिणगी सोडते, म्हणजे हा भार टिकू शकतो. हाच पृष्ठताण ठेवून त्रिज्या अडीच मिलिमीटरच्या खाली नेलीस, तर समतोलाआधीच ठिणगी पडेल.

'फुगू लागतो' हे बुडबुडा ज्या नळीच्या टोकाला धरलाय तिचं तोंड उघडं असेल, आतली हवा बाहेरच्या दाबाला असेल, तेव्हाचं. तोंड बंद असेल तर थोड्या भारानेही बुडबुडा वाढतो, पण 47 नॅनोकुलोमला त्याची त्रिज्या जेमतेम 0.3 मायक्रोमीटरने वाढते, कारण आतल्या एक लाख पास्कलपुढे 5 पास्कल काहीच नाहीत. पुस्तकं ही अट अनेकदा लिहीत नाहीत, ती तू स्वतः लिहीत जा.

नाद सोडू नकोस. पाठ सूत्र कुठल्या पृष्ठभागाचं, कुठल्या क्षेत्राचं, हे न विचारता वापरलंस एवढंच झालंय, आणि ते या वर्षात सुधारतं. बी.एस्सी.बरोबर आयसरची आयएटी परीक्षाही दे. रसायनाकडे ओढ वाटली तरी हे गणित वाया जाणार नाही. भारित थेंब किती भार पेलतो, ही मर्यादा रॅलेने 1882 मध्ये काढली. जॉन फेन यांना 2002 चं रसायनाचं नोबेल ज्या इलेक्ट्रोस्प्रेसाठी, म्हणजे द्रावणाच्या भारित फवाऱ्याच्या तंत्रासाठी, मिळालं, त्यात थेंब सुकत सुकत त्याच मर्यादेला पोचून फुटतात. आता थेंबासाठी Q काढून पाठव. पृष्ठभाग एकच, हे लक्षात ठेव.