नारळपाणी एका गोळीला चालतं, दुसरीला नाही

"मॅडम, सासूबाईंना लघवीच्या दोन-दोन गोळ्या दिल्यात. काम एकच, मग दोन कशाला? आधीच्या गोळीवर रोज नारळपाणी द्या म्हणाले होते, आता अजिबात नको म्हणतात. एक गोळी बंद केली तर चालेल का?"

मनाने एकही बंद करू नका. नावाने सगळ्या 'लघवीच्या' असल्या तरी या गोळ्या एकच काम करत नाहीत, आणि तुमच्या सासूबाईंचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

हे विचारणाऱ्या सूनबाई आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतली सगळी औषधं माझ्या टेबलावर मांडली. टोरसेमाइड २० मिलिग्रॅम आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम. तळाशी क्लोरथॅलिडोनची जुनी, अर्धी संपलेली पट्टी. आजींचं वय ६८. बीपीसाठी कित्येक वर्षं क्लोरथॅलिडोन चालू होती. मग हृदय कमजोर झालं, पायांना सूज आली, दम लागू लागला. दवाखान्यात ठेवावं लागलं आणि घरी जाताना गोळ्या बदलल्या.

मूत्रपिंड रक्त गाळतं, पण गाळलेलं बहुतेक मीठ आणि पाणी पुढच्या बारीक नळ्यांतून रक्तात परत ओढून घेतं. टोरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड या 'लूप' गोळ्या ज्या जागी काम करतात, तिथे जवळजवळ पाव मीठ परत ओढलं जातं. ते अडवल्यामुळे लघवी जोरात होते आणि सूज उतरते. क्लोरथॅलिडोन थायझाइड गटातली. ती पुढच्या टप्प्यावर, थोडंच मीठ अडवते, पण तिचा असर लांबतो, म्हणून ती बीपीसाठी चांगली. या दोन्ही गटांत लघवीवाटे पोटॅशियम वाहून जातं. म्हणूनच तेव्हा 'नारळपाणी घ्या' हा सल्ला बरोबर होता.

स्पायरोनोलॅक्टोन नळीच्या शेवटी काम करते. तिने लघवी फारशी वाढत नाही, म्हणून घरच्यांना ती बिनकामाची वाटते. पण ती पोटॅशियम धरून ठेवते आणि कमजोर हृदयाला संरक्षण देते. टोरसेमाइड आणि ही, दोन्ही एकत्र देण्यामागे हाच हिशेब असतो.

आजींच्या घरी मात्र जुना सल्ला नव्या गोळीवरही चालू राहिला. रोज एक शहाळं. शिवाय बीपी आहे म्हणून मुलाने 'कमी सोडियमचं' मीठ आणलेलं. त्या पाकिटाची मागची बाजू मी सूनबाईंना वाचून दाखवली: पोटॅशियम क्लोराइड. त्यात गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक. या जातीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम चढतं आणि पाणीही साठतं.

स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर साधारण एका आठवड्याने आणि मग चौथ्या आठवड्याला पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासतात. आजींचं पोटॅशियम घरी जाताना ४.४ होतं, आठवड्याने ५.८ निघालं. त्यांना काहीच त्रास होत नव्हता. हीच धोक्याची गोष्ट आहे. पोटॅशियम वाढलं तरी बऱ्याचदा अंगावर काही दिसत नाही आणि ठोके मात्र बिघडू शकतात. (कमी झालं तर निदान पोटऱ्यांत गोळे, थकवा, धडधड काहीतरी जाणवण्याची शक्यता असते.) डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो ठीक होता. स्पायरोनोलॅक्टोन अर्धी केली. ते मीठ, शहाळं आणि डायक्लोफिनॅक बंद केलं. तीन दिवसांनी पोटॅशियम ५.१ आणि महिनाभराने ४.६.

जुनी पट्टी मी सूनबाईंसमोरच बाजूला काढली. ती चुकून चालू राहिली असती तर या वयात, विशेषतः बायकांत, रक्तातलं सोडियम घसरतं. माणूस सुस्त होतो, बोलताना गोंधळतो, आणि घरच्यांना वाटतं की वयामुळे होतंय.

घरी करायचं ते थोडंच. टोरसेमाइड सकाळी घ्यायची, म्हणजे रात्री उठून अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडायची भीती नाही. उलट्या-जुलाब लागले, जेवण-पाणी जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्या थांबवायच्या का ते विचारायचं. आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पायांकडे बघत न बसता फोन करायचा.

आजी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने वजन लिहू लागल्या. दिवाळीत फराळ झाला आणि सोमवारचे ५७.६ गुरुवारी ५९.८ झाले. सूज अजून दिसत नव्हती. सूनबाईंनी फोन केला, डॉक्टरांनी तीन दिवस टोरसेमाइड वाढवून दिली आणि पुन्हा रक्त तपासलं. रविवारच्या चौकटीत ५७.९ लिहिलेलं होतं.