रास्पबेरी पाय ४: जुने गेम थेट, नवे गेम केबल ओढून

प्रश्न: माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ (४ जीबी) नुसता पडून आहे. त्यावर लहानपणीचे गेम चालतील का? आणि आतल्या खोलीतल्या पीसीवरचे नवे गेम हॉलमधल्या टीव्हीवर स्ट्रीम केले तर खेळण्याजोगा दर्जा मिळतो का?

उत्तर:

दोन्ही होतं, आणि माझ्याकडे दोन वर्षं अगदी हेच चालू आहे. (आमच्या आईला अजून वाटतं की टीव्हीमागे कुणाचा तरी 'पाय' अडकलाय.) फक्त ही दोन कामं पायच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत. जुना गेम तो स्वतः चालवतो. नव्या गेममध्ये तो फक्त व्हिडिओ दाखवतो आणि तुमची बटणं पीसीकडे पोचवतो.

आधी जुन्या गेमचं. पिवळ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवरचे मारिओ, कॉन्ट्रा म्हणजे ८ बिटचा काळ. ते पाय ४ झोपेतही चालवेल. पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही पूर्ण वेगाने चालतात. मेमरी कार्डावर बॅटोसेरा किंवा रेट्रोपाय टाका, त्यात जुन्या गेमयंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर तयार असतात, आणि गेम तुमच्या स्वतःच्या सीडीवरून काढा. निन्टेंडो ६४ ला मात्र गाडी अडखळते. एक गेम छान चालतो, दुसऱ्यात पाणी किंवा धूर आला की वेग पडतो. प्लेस्टेशन २ चा नाद सोडा. पीसीवरचा व्हाइस सिटी तुम्हाला 'जुना' वाटेल, पण तो विंडोज आणि इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी बनलाय आणि पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा. भाषांतराचे थर चढवून तो चालवण्याची खटपट करता येते, पण घरात पीसी असताना कशाला? तोही स्ट्रीमच करा.

एक गोष्ट मला महिनाभर छळत होती. प्लेस्टेशनच्या गेममध्ये आवाज मधेच चरचरायचा आणि गाडी हळू व्हायची. मी एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये डोकं खपवत बसलो, आणि दोष निघाला चार्जरचा. मोबाइलचा चार्जर लावला होता. गेम चालू असताना दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून पायच्या टर्मिनलमध्ये शिरून हे विचारा:

```
vcgencmd get_throttled
```

उत्तर `throttled=0x0` आलं तर सगळं ठीक. मला `0x50005` दिसलं, म्हणजे व्होल्टेज आत्ता कमी आहे, वेग आत्ता दाबलेला आहे आणि दोन्ही आधीही झालंय. `0x50000` आलं तर आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी झालं होतं. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पायसाठीचा अॅडॉप्टर आणला आणि चरचर गेली.

आता स्ट्रीमिंग. पीसीवर गेमचं चित्र पाठवणारा सनशाइन हा प्रोग्रॅम टाका, ब्राउझरमध्ये `https://localhost:47990` उघडा. पायवर ते चित्र घेऊन दाखवणारा मूनलाइट टाका. तो पिन दाखवेल, तो सनशाइनमध्ये भरला की जोडी जुळली. मूनलाइटमध्ये १०८०पी, ६० फ्रेम आणि कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची-उलगडण्याची पद्धत, म्हणून एचईव्हीसी निवडा. पाय ४ मध्ये एचईव्हीसी उलगडणारा वेगळा भाग चिपमध्येच आहे, त्यामुळे प्रोसेसरला घाम फुटत नाही. पीसीचं ग्राफिक्स कार्ड एचईव्हीसी बनवू शकणारं हवं. एनव्हीडियाचं जीटीएक्स १० मालिकेतलं किंवा नंतरचं असेल तर चिंता नाही. आणि पाय ५ घ्यायचा मोह झालाच तर लक्षात ठेवा की जुन्या एच.२६४ साठीचा तसा भाग त्यातून काढून टाकलाय. ते काम तिथे प्रोसेसर करतो.

६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. सगळा हिशोब या आकड्याभोवती फिरतो. खेळताना कीबोर्डवर Ctrl+Alt+Shift+S दाबलंत की पडद्याच्या कोपऱ्यात मूनलाइटचे आकडे येतात. त्यातले दोनच बघा: नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम आणि उलगडायला लागणारा सरासरी वेळ. हा वेळ १६.७ च्या वर गेला की फ्रेम तुंबतात, चित्र कितीही सुंदर असो. तसं झालं तर एचईव्हीसी चिपऐवजी प्रोसेसर उलगडत बसलाय असं समजा आणि डिकोडरची निवड तपासा. शक्य असेल तर डेस्कटॉप न उघडता, नुसत्या काळ्या टर्मिनलवरून `moonlight-qt` सुरू करा. मधला एक थर कमी होतो.

माझ्याकडे उलगडण्याचं ठीक होतं, गळती नेटवर्कची होती. राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती, पाय वायफायवर. दर काही सेकंदांनी चित्राचे चौकोन फुटायचे आणि फ्रेम ३-४ टक्के गळत होत्या. गंमत म्हणजे इंटरनेटचा वेग तपासला की तो भरपूर दिसायचा. मूनलाइट १०८०पीला मुळात मागतो २० एमबीपीएस, म्हणजे वेगाची कमतरता नव्हतीच. वायफाय मधेच क्षणभर अडायचं, तो क्षण खटकत होता. शेवटी भिंतीच्या कडेने १५ मीटर केबल ओढली आणि गळती शून्यावर आली. मग बिटरेट ४० केला, कारण २० वर गवत आणि पावसाची दृश्यं लिबलिबीत व्हायची. सोफ्यावरून आता पीसीत आणि यात फरक मला तरी दिसत नाही.

तरीही गाडी वळणावर उशिराच वळायची. आकडे सगळे हिरवेगार, आणि हाताला मात्र जाणवतंय. मूनलाइटला टीव्हीचा उशीर कळतच नाही. फ्रेम एचडीएमआयमधून बाहेर पडली की त्याचं काम संपलं. म्हणून फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला, ज्यात अंगठा आणि टीव्ही दोन्ही दिसतील. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत ३८ फ्रेम मोजल्या. एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास १६० मिलिसेकंद. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टला गेम मोड लावला, पुन्हा मोजलं: १९ फ्रेम, म्हणजे ८० च्या आसपास. निम्मा उशीर टीव्ही चित्र 'सुधारण्यात' घालवत होता. टीव्ही ४के असेल तर पायचं आउटपुट ३० हर्ट्झवर गेलेलं नाही ना, तेही बघून घ्या. ३० वर असेल तर १०८०पी, ६० हर्ट्झ करा.

८० मिलिसेकंदांत शर्यतीचे, फुटबॉलचे, गोष्टीचे गेम मजेत खेळता येतात. ऑनलाइन नेमबाजीसाठी माझा थोरला अजून आतल्या खोलीत पीसीसमोरच बसतो, आणि टीव्हीवर खेळून हरला की दोष पायला देतो.